शिफारस, दाखला आणि साक्ष

'शिफारस' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि आपल्याबरोबर दरबाराचा सारा गोतावळा घेऊन आला: अर्जदार, मध्यस्थ, आणि 'आमचाच माणूस आहे, सांभाळून घ्या' असे सांगणारा कुणी वजनदार गृहस्थ. त्याचा शेजारी 'वशिला' अरबीतला. तोही इथे इतका रुळला की कुणी 'शिफारशीने लागला' असे म्हटले की ऐकणारा वशिल्याने लागला असेच समजतो. महाविद्यालयांत आणखी एक शब्द चलनात असतो, 'दाखला'. बोनाफाइडचा, शाळा सोडल्याचा, चारित्र्याचा. तो मागितला की मिळतो, आणि मिळायलाच हवा, कारण त्यात देणाऱ्याचे स्वतःचे असे मत नसते. परदेशातील विद्यापीठ अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्याच्या प्राध्यापकाकडून जे पत्र मागते, ते या दोहोंपैकी एकही नव्हे. ते साक्षीच्या जातीचे आहे. मी अमुक पाहिले, इतका काळ पाहिले, आणि त्यावरून मला असे वाटते, एवढेच त्या पत्राने सांगावयाचे असते. या तीन शब्दांतील गफलतीमुळे दरवर्षी हिवाळ्यात आमच्या साहित्य विभागांतून बरीच निरुपयोगी आणि थोडी खोटी पत्रे बाहेर पडतात, असे आमचे मत आहे. एका ई-पत्राच्या आधारे ते मांडून पाहतो.

हे ई-पत्र आमच्या एका स्नेही प्राध्यापिकेला आले. त्या एका संलग्न महाविद्यालयात मराठी शिकवतात. विद्यार्थिनी अखेरच्या वर्षाची, मराठी हा विशेष विषय घेतलेली. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. पत्र इंग्रजीत होते, मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता पाठवलेले. मजकूर थोडक्यात असा: आदरणीय मॅडम, आपण कुशल असाल अशी आशा आहे. मी अखेरच्या वर्षाची विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक ४७. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी अर्ज करीत आहे, त्यासाठी शिफारसपत्र हवे आहे. आपल्या सोयीसाठी मसुदा सोबत जोडला आहे. आपण तो महाविद्यालयाच्या लेटरहेडवर घेऊन फक्त सही करावी व स्कॅन करून पाठवावा. शेवटची तारीख शुक्रवार आहे. कृपया योग्य ती कार्यवाही करावी. आगाऊ आभार.

आधी पत्राच्या भाषेविषयी. ही मुलगी तीन वर्षे या बाईंशी मराठीत बोलत आली. निबंध मराठीत लिहिले, भांडली तीही मराठीत. मागणी करण्याची वेळ आली तेव्हा मात्र ती इंग्रजीत गेली, आणि त्या इंग्रजीतही स्वतःच्या नव्हे, तर कचेरीच्या. 'योग्य ती कार्यवाही करावी' हे वाक्य ज्या इंग्रजी वाक्याची सावली आहे, ते आपल्याकडच्या सरकारी टिपणीतले आहे. दोघांपैकी कुणालाच कसल्या नात्याची जबाबदारी घ्यावी लागू नये, अशीच त्याची घडण. जुन्या मराठी पत्राच्या मायन्याची आपण थट्टा करतो, पण कोण कुणाला कोणत्या नात्याने लिहितो आहे हे त्यात पहिल्या ओळीतच ठरत असे. इथे तीन वर्षांच्या ओळखीच्या जागी हजेरी क्रमांक आला. बाईंनी आम्हांला सांगितले, की त्या क्रमांकावरून त्यांना मुलगी आठवली नाही. ई-पत्त्यातले टोपणनाव पाहून आठवली. विशेष स्तराच्या वर्गात १८ मुले आहेत. तिथे ४७ हा आकडा कुणाचाच नसतो, तो महाविद्यालयाच्या एकत्रित यादीतला.

यात मुलीला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. अशी पत्रे साच्यातून येतात. साचा तयार करणारे सल्लागार असतात, गेल्या वर्षी गेलेला कुणी दादा असतो, आणि मुख्य म्हणजे 'मसुदा तूच करून आण, मी सही करतो' असे वर्षानुवर्षे म्हणत आलेले आम्ही प्राध्यापक असतो. मुलीने मसुदा न मागता जोडला, याचा अर्थ इतकाच की मागितला जाईल हे तिला ठाऊक होते. वाईट सवय आधी आमची आहे, त्यांनी ती उचलली.

आता तो मसुदा. त्यात ३ परिच्छेद होते आणि बाईंनी मोजली तेव्हा ९ विशेषणे निघाली. कष्टाळू, प्रामाणिक, चैतन्यशील, पुढाकार घेणारी, सहकाऱ्यांना बरोबर नेणारी, वगैरे. घटना मात्र एकही नाही. नाव खोडून दुसऱ्या कुणाचे घातले तरी पत्राला धक्का लागणार नाही. शिफारसपत्र वाचणाऱ्याची पहिली परीक्षा नेमकी हीच असते. ज्या पत्रातले नाव बदलता येते, ते पत्र त्याच्या दृष्टीने आलेलेच नसते. आणखी एक वाक्य होते: 'ती वाङ्मय मंडळाची अध्यक्षा होती.' ती अध्यक्षा नव्हती. ती मंडळाच्या भित्तिपत्रकाची संपादक होती. हे खोटे तिने हेतुपुरस्सर रचले असे बाईंना वाटत नाही, आम्हांलाही नाही. साच्यात त्या जागी 'अध्यक्ष' असा शब्द होता आणि तो तसाच राहिला. पण सही बाईंची झाली असती, तर त्या खोट्याची मालकीही बाईंकडेच आली असती.

मसुद्याची दुसरी अडचण नीतीची नाही, शैलीची आहे, आणि साहित्याच्या माणसांना ती आधी कळावयास हवी. अर्जाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदनही जाते: मला हा अभ्यासक्रम का करावयाचा आहे, आजवर काय केले, पुढे काय करणार. ते निवेदन आणि शिफारसपत्र एकाच अर्जदाराच्या कागदपत्रांत, एकाच वाचकासमोर, एकामागून एक उघडले जाते. दोन्ही एकाच हाताने लिहिलेली असली, तर तेच आवडते क्रियाविशेषण, स्वल्पविरामाची तीच चूक, वाक्य लांबवण्याची तीच लकब दोन्हीकडे दिसते. ज्ञानेश्वरी लिहिणारा आणि अभंग लिहिणारा ज्ञानदेव एक की दोन, यावर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाद चालत आला आहे. भाषेच्या पुराव्यावर कर्तृत्व ठरवता येते, असे आपण वर्गात शिकवतो. मग हाच पुरावा आपल्या सहीखाली कुणी वाचणार नाही, असे कशाच्या बळावर गृहीत धरतो? दोन प्राध्यापकांची पत्रे लागत असतील आणि दोन्ही मसुदे मुलीनेच केले असतील, तर एकच आवाज तीन तोंडांनी बोलताना ऐकू येतो.

बाईंनी बुधवारी सकाळी उत्तर पाठवले, मराठीत. सही केली नाही, नकारही दिला नाही. चार गोष्टी विचारल्या. कोणते विद्यापीठ, कोणता अभ्यासक्रम, आणि पत्र कोणत्या मार्गाने जावयाचे? शुक्रवार ही अर्जाची मुदत, की पत्राची? माझ्या वर्गात तू केलेले कोणते काम मी आठवावे असे तुला वाटते? आणि, तिथे का जाते आहेस ते मला तुझ्या शब्दांत सांगशील का?

पहिला प्रश्न कुणाला कारकुनी वाटेल, पण निम्मे काम तिथेच होते. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या प्रवेशाची जी रूढ वाट आहे तिच्यावर प्राध्यापकाच्या पत्राला जवळजवळ स्थान नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी कॅटचे गुण, दहावी-बारावी-पदवीचे गुण आणि नंतरची मुलाखत यांवर निवड होते. राज्याच्या सामाईक परीक्षेतून एमबीएला जाणाऱ्याकडेही कुणी असे पत्र मागत नाही. त्यामुळे 'मॅनेजमेंटसाठी पत्र हवे' एवढ्यावर काहीच कळत नाही. या मुलीला ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावयाचा होता. नोकरीचा अनुभव न मागणारे असे अभ्यासक्रम तिथे बरेच आहेत, आणि अनुभव मागायचा नाही म्हणूनच ते शिक्षकाची साक्ष मागतात, कुठे एक, कुठे दोन. नोकरी केलेल्यांसाठी जे एमबीए असते तिथे साहेबाचे पत्र लागते. तिथे आमच्यासारख्यांचे पत्र कुणी फारसे विचारात घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

पत्र जाण्याचे मार्ग दोन. एका मार्गात विद्यार्थी अर्जात प्राध्यापकाचे नाव व ई-पत्ता भरतो, विद्यापीठाची यंत्रणा त्या पत्त्यावर आपोआप एक दुवा धाडते, आणि प्राध्यापकाने तो उघडून काही प्रश्नांची उत्तरे द्यावयाची व पत्र जोडावयाचे असते. हा दुवा कित्येकदा नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात पडून राहतो. मुलगी समजते मॅडमनी पाठवले नाही, मॅडम समजतात अजून आलेच नाही, आणि मुदत उलटते. शिवाय पत्ता संस्थेचा असावा अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, आणि आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतले निम्मे प्राध्यापक फुकटच्या खासगी पत्त्यावरून व्यवहार करतात. फुकटचा पत्ता कुणालाही उघडता येतो, अगदी विद्यार्थ्यालाही, म्हणून तो संशयास्पद. महाविद्यालयाचा पत्ता नसेल, तर पत्रात विभागाचा दूरध्वनी आणि आपले नाव जिथे दिसते त्या महाविद्यालयाच्या पानाचा उल्लेख करावा, एवढे तरी करता येते. दुसऱ्या मार्गात लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे पत्र स्कॅन होऊन विद्यार्थ्याच्या हातूनच वर चढते. या मुलीचा मार्ग हा होता. म्हणजे ती पत्र वाचणार होती, आणि बाईंना हे आधीच माहीत असणे आवश्यक होते. शुक्रवार, असे नंतर निघाले, ही अर्जाची मुदत होती. शिफारसपत्र पुढील दोन आठवड्यांत जोडले तरी चालणार होते. तीन दिवसांची घाई साच्यातल्या एका वाक्याने निर्माण केलेली.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मुलीने अर्धे पान पाठवले, तेही मराठीत. आमच्या मते विद्यार्थ्याने प्राध्यापकाला द्यावे ते हेच, मसुदा नव्हे. मसुदा प्राध्यापकाच्या तोंडी शब्द घालतो. टिपण फक्त आठवण जागी करते, शब्द प्राध्यापकाचे राहतात. तिच्या टिपणात दोन गोष्टी होत्या. एक, दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प: देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) आणि शिरवाडकरांचे 'ऑथेल्लो' (१९६१) या एकाच शेक्सपिअरच्या नाटकाच्या दोन मराठी रूपांची तुलना. दुसरी, भित्तिपत्रक.

प्रकल्पाची हकिकत बाईंना चांगली आठवत होती, किंबहुना ती मुलीच्या टिपणापेक्षा अधिक बोलकी होती. पहिल्या खर्ड्यात मुलीने लिहिले होते, की देवलांनी नावे आणि स्थळे तेवढी बदलली आणि शिरवाडकर मुळाशी प्रामाणिक राहिले. बाईंनी समासात लिहिले, की हे पात्रांच्या यादीवरून काढलेले अनुमान आहे. तीन प्रवेश घे, दोन्हींतले संवाद शेजारी-शेजारी मांड, मग बोल. मुलगी रुसली. आठवडाभर तासाला आली नाही. पंधराव्या दिवशी ती तीन प्रवेशांचे तक्ते घेऊन आली, आणि त्याबरोबर आपल्या मूळ विधानाचा अर्धा भाग मागे घेणारा एक परिच्छेद. उरलेला अर्धा भाग तिने सोडला नाही. त्यासाठी बाईंशी वाद घातला, आणि बाईंना तो पटला नाही तरी गुण द्यावे लागले.

अमेरिकेतल्या अनेक व्यवस्थापन विद्यालयांनी स्वीकारलेल्या समान शिफारस-नमुन्यात मुख्य प्रश्न दोन आहेत. पहिला, अर्जदार त्याच्या बरोबरीच्या इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत कसा ठरतो, उदाहरणांसह सांगा. दुसरा, तुम्ही त्याला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, प्रसंग काय होता आणि त्याने तो कसा घेतला. हा दुसरा प्रश्न आम्हांला फार आवडतो, कारण साहित्याचा शिक्षक त्याचे उत्तर देण्यास इतर कुणाहूनही अधिक लायक आहे. आमचे सारे काम खर्ड्यावरच्या समासात चालते. मुलाचे विधान कुठे पुराव्यापुढे धावले आणि ते परत आणताना तो कसा वागला, हे आम्ही पाहिलेले असते. ब्रिटनच्या अर्जात हा प्रश्न छापलेला नसला, तरी त्याचे उत्तर पत्रात घालण्यास कुणी मनाई केलेली नाही. बाईंनी तेच केले. प्रकल्पाचा प्रसंग दहाबारा वाक्यांत, रुसण्यासकट. मुलगी हे वाचणार हे ठाऊक असूनही.

तुलनेचा प्रश्न अवघड आहे. विद्यापीठांच्या नमुन्यांत चौकोन असतात: सर्वोच्च १ टक्का, ५ टक्के, १० टक्के, सरासरीहून वर, सरासरी. आपल्याकडे सरसकट पहिल्या दोनांत खूण होते. जरा हिशेब करून पाहावा. १८ मुलांच्या वर्गाचे ५ टक्के म्हणजे ०.९. एक पुरे माणूसही नव्हे. एका वर्गातील तीन मुलांना 'सर्वोच्च ५ टक्के' म्हणून पाठवणे हे गणिताच्याच दृष्टीने अशक्य आहे, आणि तिघांचे अर्ज एकाच विद्यापीठात गेले तर पकडले जाण्याजोगे. तुलना या वर्षाच्या वर्गाशी न करता आपण आजवर शिकवलेल्या सर्वांशी केली, तर आकड्यांना अर्थ येतो. बाई १२ वर्षे विशेष स्तराला शिकवीत आहेत. वर्षाला सुमारे १८ धरले तर २१६ विद्यार्थी. त्यांतले ५ टक्के म्हणजे ११, १० टक्के म्हणजे २१-२२. बाईंनी कागद घेऊन खरोखर नावे लिहून काढली. पहिल्या अकरांत ही मुलगी बसेना. पहिल्या बावीसांत निःसंशय बसली. पत्रात त्यांनी लिहिले: गेल्या १२ वर्षांत मी विशेष स्तरावर शिकवलेल्या सुमारे २०० विद्यार्थ्यांत मी हिला पहिल्या दहा टक्क्यांत धरते, लेखी युक्तिवादापुरते बोलायचे तर त्याहूनही वर. नऊ विशेषणांपेक्षा या एका वाक्याचे वजन अधिक आहे, कारण मोजणी कशी केली ते त्यात उघड सांगितले आहे.

विशेषणांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी २००३ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. एका अमेरिकन वैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे त्यांनी भाषेच्या अंगाने तपासली. स्त्री उमेदवारांची पत्रे सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक निघाली, आणि राबण्याचे, कष्टाचे कौतुक स्त्रियांच्या वाट्याला जास्त आले. ती पत्रे आमच्या विभागातली नव्हेत; पण आपल्या संगणकातली जुनी पत्रे उघडून कुणीही ताडून पाहावे. मुलींना 'नम्र, कष्टाळू, मनमिळाऊ', मुलांना 'स्वतंत्र विचारांचा, धडाडीचा'. गंमत अशी, की या मुलीच्या मसुद्यातले पहिले विशेषण 'कष्टाळू' हेच होते, आणि ते तिने स्वतःच स्वतःला लावले होते. बाईंच्या पत्रात तो शब्द आला नाही. तीन प्रवेशांचे तक्ते आले.

आता चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे 'का जाते आहेस' याकडे. इथे आमच्या मंडळींची खरी दुखरी जागा आहे. अखेरच्या वर्षातला बरा विद्यार्थी एम.ए.ला न येता व्यवस्थापनाकडे वळला, की विभागात कुजबुज होते. कुणी उपदेश करतो, कुणी सही करताना एक सुस्कारा सोडतो, आणि क्वचित कुणी पत्रातच एखादे खोचक वाक्य टाकतो: हिने साहित्यात संशोधन केले असते तर आम्हांस अधिक आनंद झाला असता. असे वाक्य आम्ही पाहिले आहे. लिहिणाऱ्याला ते निष्ठेचे वाटते. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की शिक्षकाच्या मते ही व्यक्ती चुकीच्या दारात उभी आहे. शिक्षकाला हे मत असू शकते, पण ते त्याला कुणी विचारलेले नाही. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगावे. खटला दाखल व्हायला हवा होता की नव्हता, हे त्याने सांगू नये.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास आढळते. साहित्याचा अभ्यास व्यवस्थापनाला उपयोगी कसा, हे पटवून देण्याच्या नादात शिक्षक आपली भाषा टाकून त्यांची उसनी घेतो. मग भित्तिपत्रक हे 'संघनेतृत्व' होते, नाट्यवाचन हे 'संवादकौशल्य', आणि अभंगांचा निबंध हा 'मूल्याधिष्ठित निर्णयक्षमता'. हे शब्द त्या विद्यापीठाकडे रोज ढिगाने येतात. आपल्याकडे असलेला माल मात्र त्यांना इतरत्र मिळत नाही. भित्तिपत्रकाचे साधे वर्णन बाईंनी केले ते असे: पंधरा दिवसांनी अंक लागे. मजकूर देणारे ऐनवेळी पाठ फिरवीत. या मुलीने वर्षाच्या आरंभीच दोन अंकांचा राखीव मजकूर जमवून ठेवला आणि त्यामुळे वर्षभरात एकही अंक चुकला नाही. तिच्या आधीच्या वर्षी चार चुकले होते. यात नेतृत्व आहे की व्यवस्थापन, हे ज्यांचा तो विषय आहे त्यांनी ठरवावे.

मुलीचे चौथे उत्तर दोन वाक्यांचे होते, आणि ते आम्ही इथे देत नाही. घरच्या परिस्थितीविषयी होते. त्यातले काही पत्रात घालावे का, असे बाईंनी तिला विचारले. ती नको म्हणाली. त्यांनी घातले नाही. आमच्यातल्या काहींना ही संधी दवडल्यासारखी वाटली. आम्हांला तसे वाटत नाही. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेले दुःख त्याच्या परवानगीवाचून पुराव्यासारखे मांडणे हा वशिल्याचाच एक प्रकार आहे, फक्त करुणेचा मुलामा दिलेला.

पत्रात आणखी एक वाक्य होते, आणि त्यावर बाईंची व आमची बराच वेळ चर्चा झाली: 'संख्यात्मक विषयांतील हिची गती मला ठाऊक नाही, कारण मी तिला ते शिकवलेले नाही.' हे लिहावे का? व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात लेखाशास्त्र आहे, सांख्यिकी आहे. मराठीची विद्यार्थिनी ते पेलेल का, ही शंका वाचणाऱ्याला येणारच. मग आपणच ती कशाला उकरून काढा? बाईंचे म्हणणे असे, की शंका तर येणारच आहे. मी गप्प राहिले तर ती माझ्या बाकीच्या वाक्यांनाही लागेल. साक्षीदार 'एवढे मला माहीत नाही' असे म्हणतो तेव्हा 'एवढे मला माहीत आहे' यालाही किंमत येते. आम्ही शेवटी त्यांच्याशी सहमत झालो. त्यांनी मुलीलाही सुचवले, की बारावीचे गणिताचे गुण अर्जात ठळकपणे दाखव. ते ७८ होते. पत्रात त्यांचा उल्लेख केला नाही, कारण ती बाईंची साक्ष नव्हती.

नकाराविषयी थोडे. आपल्याकडे मागायला आलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणणे निष्ठुरपणाचे मानतात, म्हणून सगळ्यांना हो म्हटले जाते आणि ज्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही त्याला कोमट पत्र मिळते. कोमट पत्र नकारापेक्षा वाईट. नकार मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतो. कोमट पत्र मिळालेल्याला ते कोमट आहे हे कळतच नाही, विशेषतः पत्र परस्पर जाते तेव्हा. अमेरिकेत १९७४च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्याविषयीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला, आणि म्हणून तिथल्या अर्जांत 'शिफारसपत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो' असा एक चौकोन असतो. बहुतेक सल्लागार मुलांना त्यावर खूण करायला सांगतात, कारण न वाचलेले पत्र अधिक खरे मानले जाते. म्हणजे विद्यार्थी डोळे मिटून आपले भवितव्य आमच्या हाती देतो. सामान्य स्तराच्या १२० जणांच्या वर्गात जो कधी बोलला नाही, ज्याची वही आम्ही कधी पाहिली नाही, त्याच्याविषयी आमच्यापाशी हजेरीपटापलीकडे काही नसते. त्याला दोन दिवसांच्या आत, स्पष्ट शब्दांत, कारणासकट सांगावे: तुझ्याविषयी वाईट मत नाही, मतच नाही, ज्यांनी तुझा प्रकल्प तपासला त्यांच्याकडे जा. आठवडाभर उत्तर न देता लटकत ठेवणे हाही नकारच, फक्त आपल्या सोयीचा.

बाईंचे पत्र सव्वा पानाचे झाले, इंग्रजीत सुमारे ५०० शब्द. त्यांचे इंग्रजी पुस्तकी आहे, एकदोन ठिकाणी अडखळते. इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यावे का, असे त्यांनी विचारले. व्याकरणापुरते घ्या, वाक्ये त्यांना बदलू देऊ नका, असे आम्ही सांगितले. मराठीच्या प्राध्यापिकेचे इंग्रजी मराठीच्या प्राध्यापिकेसारखेच वाचले जावे. कार्यालयातून जावक क्रमांक घेऊन, शिक्का मारून ते दहाव्या दिवशी मुलीच्या हाती गेले. पहिल्या शुक्रवारी नव्हे, पण मुदतीच्या चार दिवस आधी. मुलीने ते वाचून एकच दुरुस्ती सुचवली. ती आठवडाभर नव्हे, पाच दिवस तासाला आली नव्हती. हजेरीपट पाहिला, तर तिचे बरोबर निघाले. बाईंनी पान बदलले.

त्यानंतर बाईंनी एक वही घातली आहे. विशेष स्तराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान, आणि प्रत्येक प्रकल्पानंतर त्यावर तीनचार ओळी: काय म्हणाला, कुठे अडला, सांगितल्यावर काय केले. १८ मुलांसाठी सत्राला एक दुपार पुरते, असे त्या म्हणतात.